जेवणाच्या टेबलावरचा प्रयोग

पुण्यातल्या एका कंपनीत 26 वर्षांची एक मुलगी काम करते. गेले सात महिने ती डबा आपल्या जागेवरच, कॉम्प्युटरसमोर खाते. कँटीनमध्ये तिच्या टीमचं ठरलेलं टेबल आहे आणि सहा-सात जण रोज तिथे जेवतात. सुरुवातीला एकदा ती तिथे जाऊन बसली होती. ती बसताच सगळे गप्प झाले आणि थोड्या वेळाने दोघं उठूनही गेले. तेव्हापासून तिच्या मनात एक वाक्य पक्कं बसलं आहे : ‘मी त्यांना नकोशी आहे. मी गेले की ते गप्प होतात.’

ही मुलगी मी या लेखासाठी रचली आहे. मात्र तिच्या गोष्टीतली वळणं कॉग्निटिव्ह थेरपीत नेहमी येणारी आहेत. ही उपचारपद्धती फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात उभी केली. माणसाच्या मनात आपोआप उमटणाऱ्या विचारांकडे ‘अंदाज’ म्हणून पाहायचं आणि ते अंदाज रुग्णाने व उपचारकाने मिळून तपासायचे, ही त्यांची मूळ कल्पना. तपासायची साधनं मुख्यतः दोन : प्रश्न आणि प्रयोग. या दोहोंचं एकमेकांशी असलेलं नातं बाहेर फारसं माहीत नसतं. ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगणारा उपचार, एवढीच अनेकांची समजूत असते आणि ती चुकीची आहे.

या मुलीला मैत्रिणींनी सांगून झालं होतं, ‘अगं, असं काही नसतं, तू उगाच मनाला लावून घेतेस.’ त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण तिच्याकडे पुरावा होता. लोक गप्प झाले होते आणि दोघं उठून गेले होते. तिने ते स्वतः पाहिलं होतं, मैत्रिणींनी पाहिलं नव्हतं.

थेरपिस्ट तो पुरावा नाकारत नाही. ती त्याच्या जवळ जाते. “त्या दिवशी तुम्ही बसलात तेव्हा किती वाजले होते?” “दीड. नाही, पावणेदोन असतील, मला उशीर झाला होता.” “बाकीचे कधी आले होते?” “ते एक वाजता येतात.” “मग जे दोघं उठले, त्यांचं जेवण कुठवर आलं होतं?” यावर मुलगी थांबते. “ते मी बघितलंच नाही, मॅडम. मी डब्याकडे बघत होते.” “आणि गप्प झाले ते किती वेळ?” “खूप वेळ.” “अंदाजे?” “...माहीत नाही. मी मोबाईल काढला होता.”

थेरपिस्टने इथे एकही मत दिलेलं नाही. तरी सात महिने अखंड वाटणाऱ्या त्या आठवणीत भोकं दिसू लागली आहेत. सॉक्रेटिसच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नपद्धत ती हीच. खरं तर नाव थोडं फसवं आहे. प्लेटोच्या संवादांतला सॉक्रेटिस बऱ्याचदा समोरच्याला त्याच्याच बोलण्यातल्या विसंगतीत पकडतो. उपचारात असं पकडणं घातक ठरतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीन पडेस्की यांनी 1993 साली लंडनच्या एका परिषदेत नेमका हा मुद्दा मांडला : प्रश्न विचारताना आपल्याला समोरच्याचं मत बदलायचं असतं, की त्याच्याबरोबर काही शोधायचं असतं? उत्तर आधीच ठरवून रुग्णाला तिकडे वळवत नेणारे प्रश्न हे प्रश्नार्थक चिन्ह लावलेले उपदेशच असतात. ‘मग सगळे तुमच्यामुळेच उठले असं म्हणणं योग्य आहे का?’ हा त्यातलाच एक. रुग्ण त्याला ‘नाही’ म्हणतो, घरी जातो आणि विश्वास मात्र जसाच्या तसा राहतो. चांगला प्रश्न असा असतो, की त्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं, पण ज्याला विचारलंय त्याला ते आठवून सांगता येतं.

तरीही प्रश्न एका टप्प्याशी थांबतात. मुलगी म्हणते, “मला कळतंय की दुसरं कारणही असू शकेल. पण आत वाटतं तेच, की मी गेले तर तसंच होईल.” हे बुद्धीला पटणं आणि आतून वाटणं यांमधलं अंतर बोलून कमी होत नाही. त्यासाठी टेबलापाशीच जावं लागतं.

पण ‘जा आणि बसून बघ’ एवढ्याने प्रयोग होत नाही. आधी अंदाज असा लिहावा लागतो, की तो खोटा ठरू शकेल. ‘मी त्यांना नकोशी आहे’ हे तपासता येत नाही, कारण कोणाच्या मनात काय आहे हे दिसत नाही. थेरपिस्ट विचारते, “समजा टेबलावर कॅमेरा लावला आहे. तुम्ही नकोशा आहात, हे त्या चित्रणात कशावरून कळेल?” बराच वेळ विचार करून मुलगी वहीत तीन गोष्टी लिहिते : मी बसल्यावर बोलणं थांबेल आणि मिनिटभर तरी पुन्हा सुरू होणार नाही. एक वाजता सगळ्यांबरोबर बसले तरी दहा मिनिटांच्या आत किमान दोघं उठतील. मला कोणीही एकही प्रश्न विचारणार नाही. असंच घडेल यावर किती विश्वास? ती 90 टक्के लिहिते.

पुढची पायरी सहज राहून जाते. मुलगी दोन दिवस टेबलावर न जाता लांबून फक्त बघते. तिच्याशिवाय ते टेबल कसं असतं, हे तिला मुळात ठाऊकच नव्हतं. तिच्या नोंदी सांगतात, की अर्ध्या तासात टेबल चार-पाच वेळा आपोआप गप्प होतं. एक सहकारी दोन्ही दिवस जेवण अर्ध्यावर टाकून फोन घ्यायला उठला. ज्या गोष्टींना ती नकाराची खूण मानत होती, त्या ती नसतानाही घडत होत्या.

आता राहिल्या बचावाच्या सवयी. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये समाजभयाची जी मांडणी केली, तिच्या गाभ्याशी या सवयी आहेत. लोकांत वावरताना घाबरणारा माणूस स्वतःला वाचवायला बारीकसारीक उपाय करतो : टोकाची खुर्ची धरतो, मोबाईल हातात ठेवतो, वाक्य मनात जुळवून मगच बोलतो, खालच्या आवाजात बोलतो, भराभर जेवतो. या उपायांचे दोन तोटे होतात. काही वाईट घडलं नाही तर श्रेय त्यांना जातं, म्हणजे ‘मोबाईल होता म्हणून निभावलं’, आणि अंदाज कधीच हरत नाही. शिवाय मोबाईलमध्ये मान घातलेल्या माणसाशी लोकही कमी बोलतात. ज्या थंडपणाची भीती, तो थोडाफार या सवयींतूनच तयार होतो. आणि सगळं लक्ष स्वतःच्या धडधडीकडे असल्यामुळे समोर काय घडलं ते दिसतच नाही. मुलीचं ‘मी बघितलंच नाही’ हे उत्तर आठवा.

म्हणून प्रयोग दोन दिवसांचा ठरतो. पहिल्या दिवशी या सगळ्या सवयींसकट बसायचं. दुसऱ्या दिवशी मोबाईल जागेवर ठेवून, मधली खुर्ची घेऊन, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं. थेरपिस्ट आधीच विचारून ठेवते, “काय घडलं तर तुमचा विश्वास हलेल, आणि काय घडलं तरी हलणार नाही?” हा प्रश्न निकाल लागल्यानंतर विचारून उपयोग नाही, कारण तोवर मनाने पळवाट शोधलेली असते.

पहिला दिवस तिच्या अंदाजाच्या जवळ गेला. कोणी काही विचारलं नाही आणि जेवण मुकाट्याने झालं. मात्र उठलं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी ती बसली तेव्हा बोलणं क्षणभर थांबलं आणि लगेच पुढे सुरू झालं. शेजारच्या मुलीने तिच्या डब्यातल्या ठेच्याकडे बघून तो घरचा आहे का विचारलं. मग गावाचा विषय निघाला, तिला आणखी तीन प्रश्न आले. फोनवाला सहकारी नेहमीप्रमाणे उठला. समोर बसलेली एक जण मात्र अख्ख्या जेवणात तिच्याशी एक शब्दही बोलली नाही.

पुढच्या भेटीत मुलीचं पहिलं वाक्य होतं, “वाईटच गेलं, पूर्ण वेळ छाती धडधडत होती.” हे फार वेळा घडतं : आपल्याला काय वाटलं, हाच काय घडलं याचा पुरावा मानला जातो. थेरपिस्ट वही उघडायला सांगते आणि तीन अंदाज एकेक करून ताडून पाहिले जातात. मग मुलगी म्हणते, “त्या दिवशी त्यांचा मूड चांगला असेल.” थेरपिस्ट वाद घालत नाही. “शक्य आहे. हे कसं तपासता येईल?” आणखी तीन दिवस जाऊन, असं ठरतं. त्या आठवड्याच्या शेवटी 90 चा आकडा 45 वर येतो. तो शून्यावर आणायचा नसतोच.

आणि समोरची ती अबोल बाई? इथे उपचारात प्रामाणिकपणा लागतो. कदाचित तिला ही मुलगी खरोखरच आवडत नसेल. नकाराच्या भीतीत दोन अंदाज गुंतलेले असतात : नकार मिळेल हा एक, आणि तो मिळाला तर मला सोसवणार नाही हा दुसरा. दुसरा तपासायचा तर नकार मिळावा लागतो. अल्बर्ट एलिस यांनी आपल्या तरुणपणीची एक हकिगत अनेकदा सांगितली आहे. 19 व्या वर्षी मुलींशी बोलायची भीती घालवण्यासाठी ते न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलू लागले. महिन्याभरात 130 जणींशेजारी बसले. 30 जणी उठून गेल्या, 100 जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. म्हणजे पहिला अंदाज जवळजवळ पूर्ण खरा ठरला. पण कोणी आरडाओरडा केला नाही, पोलीस बोलावले नाहीत, आणि भीती गेली. पुढे याच एलिस यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार घडवला. आज कोणी अनोळखी स्त्रियांच्या सोयीचा विचार न करता हाच प्रयोग करू म्हटलं तर थेरपिस्टने तो थांबवावा, पण त्यातला तो दुसरा अंदाज खोडण्याचा भाग अजून तितकाच कामाचा आहे. आपल्या मुलीला थेरपिस्ट इतकंच विचारते, “ती बोलली नाही. मग पुढे काय झालं?” मुलगी विचार करून म्हणते, “काही नाही. मी जेवले.”

काही ठिकाणी मात्र अंदाज खरा ठरतो आणि तो खरा मानावाच लागतो. टेबलावर खरोखर कोणाला जातीवरून, बोलीवरून किंवा रंगावरून बाजूला ठेवलं जात असेल, तर तो रुग्णाच्या विचारांतला दोष नव्हे. तिथे प्रयोगाने दिलेली माहिती वापरून तक्रार करायची, दुसरं टेबल शोधायचं की नोकरी बदलायची, हे बोलावं लागतं. लांबून बघायचे ते दोन दिवस इथेही उपयोगी पडतात : ही वागणूक सगळ्यांनाच मिळते की एकालाच, हे तिथे दिसतं.

मुलीच्या वहीत आता नवं पान सुरू झालं आहे. त्यावर लिहिलंय : ‘मीटिंगमध्ये मी टीम लीडच्या मताला नाही म्हटलं, तर तो पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंही बोलणार नाही. विश्वास : 70.’ त्याखाली, तिने स्वतःहून : ‘एरवी तो दिवसातून किती वेळा बोलतो, ते आधी मोजायचं.’