पगार कमी का आला, हे विचारणारं पत्र

बाळंतपणाची रजा संपवून कामावर आलेली बाई एचआरला लिहिते, ते बहुधा असं: 'रजेच्या काळात माझा पगार कमी जमा झाला आहे, कृपया लक्ष घालावे.' उत्तरही ठरलेलं असतं: 'कंपनीच्या धोरणानुसार रक्कम दिली आहे.' विषय तिथंच मिटतो. नेमके किती रुपये कमी आणि कशाच्या आधारे, हे पत्रात नसतं, म्हणून मिटतो.

एक हिशेब करून पाहू. एका खासगी कंपनीतल्या विक्री विभागातली बाई, पगार महिना 36,000 रुपये. त्यात बेसिक 18,000, घरभाडे भत्ता 9,000, विशेष भत्ता 6,000 आणि दरमहा मिळणारा 3,000 रुपयांचा इन्सेंटिव्ह. (पगार 21,000 पर्यंत असता आणि ती ईएसआयमध्ये असती, तर पैसे ईएसआय महामंडळाने दिले असते आणि पत्रही तिकडेच गेलं असतं.) पहिलंच मूल. 1 एप्रिल 2025 पासून 26 आठवड्यांची, म्हणजे 182 दिवसांची रजा. 30 सप्टेंबरला ती हजर झाली. रजेबद्दल कंपनीची काहीच तक्रार नव्हती. घोळ झाला तो आकड्यांत.

तेव्हा लागू असलेला कायदा 1961 चा, प्रसूती लाभाचा. रजा सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांतल्या वेतनाची रोजची सरासरी काढायची आणि त्या दराने लाभ द्यायचा, असं तो सांगतो. वेतनात महागाई भत्ता, घरभाडे भत्ता यांसारखे रोख भत्ते येतात, इन्सेंटिव्ह बोनसही येतो. ओव्हरटाइम, मालकाचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा आणि ग्रॅच्युइटी येत नाही. कंपनीने मात्र बेसिक आणि घरभाडे एवढंच धरलं. त्यामुळे पत्राचा गाभा असा व्हायला हवा:

'जानेवारी ते मार्च 2025 या 90 दिवसांचं माझं वेतन 1,08,000 रुपये, म्हणजे रोजचे 1,200. त्या दराने 182 दिवसांचे 2,18,400 रुपये होतात. मला 1,63,800 मिळाले. विशेष भत्ता व इन्सेंटिव्ह वगळल्याने 54,600 रुपये बाकी आहेत. ही रक्कम द्यावी. मान्य नसल्यास आपण केलेला हिशेब लेखी कळवावा. तीन महिन्यांच्या पेस्लिप, रजामंजुरी, बाळाचा जन्मदाखला आणि बँकेचा उतारा सोबत जोडला आहे.'

शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात कामाचं. 'धोरण' म्हणणं सोपं असतं. हिशेब लिहून द्यायचा म्हटलं की कुठला भत्ता गाळला, ते त्यांनाच कागदावर मांडावं लागतं. पत्र ईमेलने पाठवावं आणि एक प्रत हातोहात देऊन पोच घ्यावी.

वैद्यकीय बोनसचे 3,500 रुपये मात्र वेगळ्या परिच्छेदात मागावेत. बाळंतपणाआधीची आणि नंतरची देखभाल मालकाने मोफत पुरवली नसेल, तरच ते द्यावे लागतात. 'तुम्हाला मेडिक्लेम होता ना,' असं उत्तर इथे येऊ शकतं, आणि त्या वादात मोठी रक्कम अडकायला नको. बिलं दाखवून परत मिळणारा प्रवासखर्चही वेतनात धरू नये. एक चुकीची ओळ सापडली की सगळा हिशेबच संशयित ठरवला जातो.

हजेरीवर पगार मिळणाऱ्या बाईची गळती वेगळ्या जागी असते. तिथे आठवडा सहा दिवसांचा धरून रविवार कापले जातात. एका मळ्यातल्या कामगार बाईला 12 आठवड्यांचे 72 दिवसच दिले गेले होते. बी. शाह खटल्यात 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आठवडा म्हणजे सात दिवस, रविवारसकट. 26 आठवड्यांसाठी हा फरक 26 दिवसांच्या मजुरीचा होतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. 26 आठवडे आणि तीन महिन्यांची सरासरी तशीच राहिली, पण वेतनाची व्याख्या बदलली. घरभाड्यासारखे काही भत्ते आता वेतनाबाहेर जातात; अशा वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा. म्हणून मैत्रिणीचं जुनं पत्र उतरवून काढण्याआधी आपली रजा कधी सुरू झाली, ते पाहावं. नव्या व्याख्येत कित्येकींचा आकडा जुन्यापेक्षा कमी येऊ शकतो, आणि मला हे बरोबर वाटत नाही.

एचआरने दाद दिली नाही, तर तक्रार निरीक्षकाकडे जाते. 1961 च्या कायद्यानुसार तो चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश काढू शकतो, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. थेट न्यायालयातही जाता येतं, पण गुन्हा घडल्यापासून वर्षाच्या आत. त्यामुळे 'पुढच्या पगारात बघू' हे उत्तर किती महिने ऐकायचं, ते तारखा पाहून ठरवावं.