फुकट बघणारे साठ, फी भरणारे बारा
(लेखमाला : पोटापाण्याचं ऑनलाइन)

मागच्या लेखात यूट्यूबवर रोजचा मोफत वर्ग कसा लावायचा, ते पाहिलं. आता त्या बघणाऱ्यांतून फी भरणारी बॅच कशी उभी राहते, ते पाहू.

विदर्भात एक अडचण आधीपासूनच आहे. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या विनामूल्य योग शिकवला, आणि पतंजलीच्या सकाळच्या वर्गांनाही कोणी पैसे मोजले नाहीत. त्यामुळे ‘योगाचे काय पैसे घेता?’ हा प्रश्न ब्रह्मपुरीत काय, आरमोरीत काय, ठरलेलाच. दुसरीकडे त्याच नागपुरातून सौरभ बोथरा यांचं ‘हॅबिल्ड’ उभं राहिलं. त्यांची रीत सोपी आहे : काही दिवस मोफत वर्ग, व्हॉट्सॲपवर रोजची लिंक, मग वर्षाचं सभासदत्व. पण तिथे बघणारे लाखांत असल्यामुळे शंभरातल्या मोजक्यांनी पैसे भरले तरी भागतं. मूलच्या एखाद्या शिक्षिकेने तीच नक्कल केली, तर दोनशेतले चार जण येतील आणि तेही पुढच्या महिन्यात गळतील.

तिच्याकडे विकण्यासारखं वेगळंच काही आहे : तिला समोरचा माणूस दिसतो. यूट्यूबवर ती सगळ्यांना दिसते, पण तिला कोणी दिसत नाही. म्हणून मोफत वर्ग यूट्यूबवर आणि बॅच झूमवर, ही विभागणी पक्की ठेवावी. आसनं दोन्हीकडे तीच असली तरी चालतात. राखून ठेवलेली ‘खास’ आसनं विकायला गेलात, तर लोक ती दुसऱ्या चॅनलवर फुकट बघतात.

आता हिशेब करून पाहू. समजा, सात दिवसांचा मोफत वर्ग आहे आणि पहिल्या दिवशी दोनशे जण आले. हा आकडा विसरून जा. पाचव्या दिवशीही शवासनापर्यंत थांबणारे किती, ते बघा, समजा साठ. त्या दिवशी वर्ग संपता संपता सांगायचं, ‘उद्या झूमवर या, तुमचं भुजंगासन मी स्वतः बघते.’ झूमच्या मोफत खात्याला चाळीस मिनिटांची मर्यादा आहे, तेवढी इथे पुरते. पंचवीस जण येतील. प्रत्येकाला नाव घेऊन एक तरी दुरुस्ती सांगायची : ‘सुनीताताई, खांदे कानांपासून खाली सोडा, कोपरं अंगाजवळ.’ कमरेवरचा ताण हलका झाला की तिला फीचं कारण वेगळं समजवावं लागत नाही. या पंचवीसांतून बारा जणांनी महिना सहाशे रुपये भरले, तर पहिली बॅच सात हजार दोनशेची झाली.

बॅच चोवीसच्या वर नेऊ नये. लॅपटॉपवर झूमच्या एका पानावर साधारण पंचवीस चौकटी मावतात, त्यातली एक तुमची. फोनवर एका वेळी चारेकच दिसतात, म्हणून फोनवरून शिकवणाऱ्याने ही बॅच घेऊच नये.

बायका कॅमेरा लावत नाहीत, अशी तक्रार हमखास येते. घरात सासरे वावरत असतात, अंगावर गाऊन असतो, लावतील कशा? झूमच्या सेटिंगमध्ये ‘फोकस मोड’ आहे. तो सुरू केला की शिक्षिकेला सगळे दिसतात, पण सभासदांना एकमेकींचा व्हिडिओ दिसत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगितलं, तर निम्मे कॅमेरे उघडतात असा माझा अंदाज. आणि फोन चटईच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवायला सांगा. समोरून ठेवला तर पाठीचा बाक दिसत नाही.

पैसे मागण्याची वेळही बघावी लागते. सकाळी साडेसहाला क्यूआर कोड टाकला की तो दुपारपर्यंत शेकडो ‘सुप्रभात’खाली गाडला जातो. शिवाय अनेक घरांत यूपीआय असतं नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर, आणि तो कोळसा खाणीच्या पाळीवर. म्हणून संध्याकाळी आठनंतर, ग्रुपवर नाही, एकेकीला नाव घेऊन आवाजी निरोप पाठवावा. सोबत यूपीआयचा नंबर द्यावा, कारण आपल्याच फोनवर आलेला कोड स्कॅन कसा करायचा इथेच बऱ्याच जणी अडतात. बॅच मोफत आठवडा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू व्हावी. मधे आठ दिवस गेले की सवय मोडते.

मोफत आठवडा कधी ठेवायचा, हे इथलं शेत ठरवतं. धानाची रोवणी चालू असताना गडचिरोलीत पहाटे कोणाला सवड? रोवणी उरकल्यावर मात्र कंबरदुखीची बॅच भरते. त्यात पहिले काही दिवस पुढे वाकण्याची आसनं टाळलेली बरी, महिनाभर बायका वाकूनच होत्या. पायात कळ किंवा मुंग्या येत असतील, तर बॅचमध्ये घेण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, बरेचदा नेटवर्कही जातं. तिकडच्या सभासदांची फी तेवढे दिवस पुढे ढकलावी, आणि हे फी घेतानाच सांगून ठेवावं.