‘अजून बघताय का?’

फेब्रुवारीत दोन राउंड झाले, ‘कळवतो’ म्हणाले आणि मग सगळं शांत. ऑक्टोबरमध्ये त्याच रिक्रूटरचा व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: ‘नमस्कार, अजून जॉब चेंज बघताय का?’ आठ महिन्यांच्या मौनाबद्दल त्यात एक शब्दही नसतो. राग येणं स्वाभाविक आहे. पण उत्तर लिहिण्याआधी हा मेसेज आत्ताच का आला, ते समजून घ्यायला हवं.

बहुतेक वेळा कारण तुमच्याशी संबंधित नसतं. जागा तेव्हा ‘होल्ड’वर गेली आणि आता पुन्हा मंजूर झाली, असं होतं. ज्याला ऑफर दिली तो नोटीस पिरियड संपता संपता दुसरीकडे गेला, असंही होतं. आपल्याकडे साठ-नव्वद दिवसांची नोटीस सर्रास असल्यामुळे त्या काळात माणसं दुसरी ऑफर मिळवतात आणि रुजू व्हायच्या दिवशी येतच नाहीत. मग रिक्रूटर जुनी यादी उघडतो. कधी निवडलेला माणूस दोन महिन्यांतच सोडून जातो. अशा वेळी कन्सल्टन्सीला करारानुसार नवा पैसा न घेता दुसरा माणूस द्यावा लागतो आणि घाई त्यांना असते. म्हणजे एकाच मेसेजमागे तीन वेगळ्या परिस्थिती असू शकतात आणि तुमची बाजू किती भक्कम आहे, हे त्यावर ठरतं.

म्हणूनच नुसतं ‘हो’ पाठवू नका. ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘अपडेटेड सीव्ही पाठवा’, आणि जागा कोणती हे कळायच्या आत तुमचा सीव्ही फिरू लागतो. आधी विचारा: ही तीच जागा आहे की नवी? कंपनी कोणती, बजेट किती? मागचे दोन राउंड धरणार की पहिल्यापासून सुरुवात? यातला शेवटचा प्रश्न लोक विचारायला संकोचतात, पण तो सगळ्यात उपयोगी. ‘तेव्हाचं फीडबॅक चांगलं होतं, थेट मॅनेजर राउंड घेऊ’ असं उत्तर आलं, तर तुम्ही खरोखर त्यांच्या नजरेत आहात. उत्तर गुळमुळीत आलं, तर तोच मेसेज यादीतल्या बऱ्याच जणांना गेला असण्याची शक्यता आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. रिक्रूटरच्या शीटमध्ये तुमचे फेब्रुवारीचे आकडे आहेत. समजा, पुण्यातल्या एका टेस्टरने तेव्हा सांगितलं होतं: सध्याचं पॅकेज ९ लाख, अपेक्षा १२, नोटीस ६० दिवस. एप्रिलच्या इन्क्रिमेंटनंतर ती ९ लाख ८० हजारांवर आहे आणि बढतीमुळे नोटीस ९० दिवसांची झाली आहे. हे तिने आपणहून सांगितलं नाही, तर सगळी बोलणी जुन्याच आकड्यांवर होतील आणि सॅलरी स्लिप मागितल्यावर घोळ होईल. तारखेचा हिशेबही तिनेच मांडावा. नोटीस आजपासून नाही, राजीनाम्यापासून मोजली जाते. आज १४ ऑक्टोबर धरला आणि ऑफर यायला तीन आठवडे लागले, तर राजीनामा ४ नोव्हेंबरला आणि शेवटचा दिवस २ फेब्रुवारी. नोटीस विकत घेण्याची सोय असेल तर तेही लिहावं. नसेल तर ‘लवकर सुटेन’ असं आश्वासन देऊ नये. याच वचनावर सगळं फिसकटतं.

तिचं उत्तर असं असू शकतं: ‘नमस्कार मॅडम. योग्य जागा असेल तर बोलायला तयार आहे. फेब्रुवारीनंतर माझं पॅकेज ९.८ लाख आणि नोटीस ९० दिवस झाली आहे, अपेक्षा १३. जागा तीच आहे का आणि मागचे राउंड धरणार का, ते कळवाल? कंपनीचं नाव कळल्याशिवाय कृपया सीव्ही पुढे पाठवू नका.’

शेवटचं वाक्य उद्धट वाटेल म्हणून अनेक जण गाळतात. ते माझ्या मते अजिबात गाळू नये. दोन कन्सल्टन्सींनी एकाच कंपनीला तुमचा सीव्ही पाठवला, तर उमेदवार कुणाचा यावर वाद होतो आणि काही कंपन्या त्या भानगडीत उमेदवारालाच बाजूला ठेवतात. मधल्या महिन्यांत तुम्ही त्याच कंपनीत दुसरीकडून अर्ज केला असेल, तर तेही इथेच सांगा.

आणि तुम्ही मधल्या काळात नवीन ठिकाणी रुजू झाला असाल तर? तरीही गप्प राहू नका. प्रोबेशनमध्ये नोटीस अनेकदा थोडी असते, त्यामुळे रिक्रूटर तुमच्यावर जोर लावेल. पण चार महिन्यांत सोडलेली नोकरी पुढच्या प्रत्येक मुलाखतीत समजावून सांगावी लागते. दोन ओळी पुरतात: ‘जूनमध्ये नवीन जागी रुजू झाले आहे, सध्या बदल नाही. पुढच्या वर्षी जूननंतर टेस्ट लीडची जागा असेल तर जरूर कळवा.’ त्यांनी ‘मग ओळखीचं कुणी?’ असं विचारलं, तर मैत्रिणीचा नंबर लगेच देऊन टाकू नका. आधी तिला विचारा. तीही नोकरी शोधते आहे हे तिच्या ऑफिसात कुणाला माहीत नसेल.