पार्स्क, प्युइस्क, दोंक, आलोर

फ्रेंच शिकताना पहिल्या वर्षी दोन शब्दांवर भागतं. कारण सांगायचं असेल तर 'पार्स्क' आणि परिणाम सांगायचा असेल तर 'दोंक'. पुढे 'प्युइस्क' आणि 'आलोर' भेटतात. शब्दकोशात त्यांच्यापुढेही साधारण तेच अर्थ दिलेले असतात, त्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं की एकच शब्द सारखा यायला नको म्हणून हे पर्याय असावेत. मग निबंधात तो ते आलटूनपालटून पेरतो. व्याकरणाची चूक काढता येत नाही, पण वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते.

एक उदाहरण घेऊ. पुण्याची एक मुलगी लियाँला शिकायला गेली आहे. ती आजारी पडली आणि तिचा निबंध वेळेत द्यायचा राहिला. प्राध्यापकांना ती ईमेल लिहिते, "निबंध देता आला नाही, प्युइस्क मी आजारी होते." तिच्या मनात फक्त 'कारण मी आजारी होते' एवढंच आहे. प्राध्यापकांना मात्र त्यात असा सूर ऐकू येतो: मी आजारी होते हे तुम्हाला ठाऊकच आहे, मग निबंध कुठून देणार? त्यांना तर तिच्या आजाराचा पत्ताच नव्हता. माफी मागायला लिहिलेलं पत्र वाद घालणारं वाटू लागतं.

पार्स्क नवी माहिती देतं. ऐकणाऱ्याला कारण माहीत नाही आणि आपण ते सांगतो आहोत, असा त्याचा भाव असतो. म्हणून 'पुर्क्वा', म्हणजे 'का?', या प्रश्नाचं उत्तर पार्स्कने सुरू होतं. तिथे प्युइस्क चालतच नाही. एखाद्या शब्दाची जात ओळखायची असेल, तर त्याच्या आधी मनातल्या मनात 'पुर्क्वा?' विचारून पाहावं. उत्तर सरळ जुळलं तर तिथे पार्स्कच हवं.

प्युइस्क उलट बाजूने चालतं. कारण दोघांनाही माहीत आहे, निदान ते मान्य व्हायला हरकत नाही, असं बोलणारा गृहीत धरतो आणि त्याच्या जोरावर पुढचं विधान, मागणी किंवा निर्णय उभा करतो. 'प्युइस्क त्यु ए ला, एद-म्वा' हे वाक्य घ्या. मराठीत आपण म्हणू, 'आलाच आहेस, तर जरा हात लाव.' समोरचा आलेला आहे हे काही त्याला सांगायला नको. मराठीतला तो 'च' आणि 'तर' मिळून जे काम करतात, ते फ्रेंचमध्ये एकटं प्युइस्क करतं. समोरचा विश्वासच ठेवत नसेल, तर फ्रेंच माणूस वैतागून नुसतं 'प्युइस्क झ त ल दी!' म्हणतो. आपलं 'अरे, सांगतोय ना मी!' तसंच. ऑस्वाल्ड द्युक्रो हे भाषाशास्त्रज्ञ ज्यात होते, त्या एका अभ्यासगटाने १९७५ साली पार्स्क, प्युइस्क आणि 'कार' या तीन शब्दांवर एक लेख लिहिला. फ्रेंच व्याकरणाच्या चर्चेत त्याचा उल्लेख अजूनही होतो. हे शब्द फक्त दोन घटना जोडत नाहीत, तर बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातलं नातंही दाखवतात, ही त्यांची मांडणी मला पटते.

औपचारिकतेचं म्हणाल, तर पार्स्क सगळीकडे चालतं. घाईच्या बोलण्यात ते 'पास्क' होतं, एवढंच. प्युइस्क बोलण्यातही येतं आणि वकिली युक्तिवादातही. त्याचा ताठपणा भाषेच्या पातळीतून येत नाही, ऐकणाऱ्यावर टाकलेल्या गृहीतकातून येतो. लेखी आणि अदबीच्या मजकुरात खरा मान कारचा आहे. बोलताना तो शब्द फारसा कोणी वापरत नाही, पण अर्जात किंवा वर्तमानपत्रात तो हमखास सापडतो. सतराव्या शतकात या इवल्याशा शब्दावरून फ्रान्समध्ये वादही झाला होता. गोंबरव्हिल या कादंबरीकाराला तो भाषेतून हद्दपार व्हायला हवा होता आणि व्हॉत्यूर या लेखकाने त्याच्या बचावासाठी पत्र लिहिलं. शब्द टिकला, हे बरंच झालं.

आता परिणामाच्या बाजूला येऊ. समोरच्या घरात दिवा दिसतो आहे, त्यावरून शेजारी घरी आहे असं आपण म्हणतो. हा तर्क आहे, आणि तर्काला फ्रेंचमध्ये दोंक लागतं: 'दिवा आहे, दोंक तो घरी आहे.' मराठीत इथे 'म्हणून' बसत नाही, 'म्हणजे' बसतं. दिवा लागल्यामुळे शेजारी काही घरी आलेला नाही. या जागी आलोर टाकलं तर फ्रेंच कानाला खटकतं. आलोरला घडामोड लागते. शेवटची गाडी गेली, आलोर मी टॅक्सी केली. प्रसंग समोर आला आणि त्याला धरून माणसाने पुढचं पाऊल टाकलं. आपलं 'मग' नेमकं हेच करतं. 'आलोर?' म्हणजे 'मग?' आणि 'ए आलोर?' म्हणजे 'मग काय झालं?' मराठी माणसाला आलोर इतका सहज जमतो, तो यामुळेच.

लिहिताना मात्र ही सहजता आडवी येते. परिणाम सांगणारं आलोर बोलण्यातलं, ओळखीच्या माणसांमधलं आहे. औपचारिक मजकुरात दोंक येतं, आणि तेही बहुतेक वेळा क्रियापदाच्या मागे. दुकानाच्या दारावर पाटी असते, 'ल मागाझँ सरा दोंक फेर्मे लँदी', म्हणजे सोमवारी दुकान बंद राहील. पाटीवर दोंक वाक्याच्या पोटात आहे. गप्पांमध्ये तोच शब्द वाक्याच्या तोंडाशी येतो. उच्चारही बदलतो. वाक्याच्या सुरुवातीला शेवटचा 'क' स्पष्ट ऐकू येतो, तर 'दी दों!' ('अरे, ऐक तर!') यात तो गळून पडतो.

एक सापळा सांगितलाच पाहिजे. आलोरला 'क' जोडून 'आलोर क' झालं की परिणाम संपतो आणि विरोध सुरू होतो: 'तो झोपला होता, आणि आम्ही मात्र राबत होतो' या अर्थाचा. शिवाय पुस्तकी फ्रेंचमध्ये आलोरचा जुना अर्थ, 'त्या वेळी', अजून जिवंत आहे. बातमीत एखाद्या नावापुढे 'आलोर मिनिस्त्र' दिसलं, तर तो माणूस त्या वेळी मंत्री होता, एवढंच सांगायचं असतं. आजची तरुण मंडळी आलोरच्या जागी सर्रास 'द्यू कू' म्हणतात. फ्रेंच अकादमीला हा वापर मान्य नाही, त्यामुळे परीक्षेत तो टाळलेला बरा.

लियाँच्या त्या पत्राकडे परत जाऊ. ते असं लिहायला हवं: 'निबंध वेळेत देता आला नाही, कार मी आजारी होते. मी आपल्याला दोंक मुदत वाढवून देण्याची विनंती करते.' दुसऱ्या वाक्यात दोंक क्रियापदानंतर येईल: 'झ वू दमांद दोंक'. इथे सुरुवातीला आलोर टाकलं, तर विनंतीचा सूर 'मग द्या आता मुदत' असा होतो. मैत्रिणीला मात्र ती हेच खुशाल असं सांगेल: 'आजारी होते, आलोर काही दिलंच नाही.' दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या माणसांसाठी आहेत.

फ्रेंच शिकत असाल, तर प्युइस्क लिहिण्याआधी एकदा थांबा आणि हे कारण वाचणाऱ्याला खरंच आधीपासून माहीत आहे का, ते तपासा. माहीत नसेल, किंवा शंका असेल, तर पार्स्क लिहा.