कळांचं सलाईन आणि थायरॉइडची गोळी

पांढुर्णा जिल्ह्यातल्या बोरगावची एखादी बाई दिवस भरल्यावर सौंसरला किंवा नागपूरला बाळंतपणासाठी दाखल होते, असं समजा. गरोदरपणात ती रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेत आली आहे. आज धावपळीत गोळी राहिली, आणि कळा मंदावल्या म्हणून ऑक्सिटोसिनचं सलाईन लागलं आहे. नातेवाईक गोळीची काळजी करतात आणि सलाईन मात्र "जरा जोरात सोडा" म्हणतात. काळजी नेमकी उलट हवी.

थायरॉक्सिन रक्तात एकटं फिरत नाही. त्याचा 99.9 टक्क्यांहून अधिक भाग वाहक प्रथिनांना बांधलेला असतो. पेशीत शिरतो आणि काम करतो तो उरलेला मोकळा अंश. बांधलेलं थायरॉक्सिन सहजासहजी मोडलं जात नाही की लघवीवाटे निघूनही जात नाही, म्हणून त्याचं अर्धायुष्य सुमारे 7 दिवसांचं आहे. एक गोळी चुकली तर दिवसभरात साठा जेमतेम दहावा हिस्सा उतरतो, बाईला काही जाणवतही नाही. याच कारणाने डोस बदलल्यावर दुसऱ्या दिवशी तपासणी करण्यात अर्थ नसतो. नवी पातळी स्थिरावायला चार-पाच आठवडे लागतात.

गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे हे वाहक प्रथिन वाढतं आणि रक्तातलं एकूण थायरॉक्सिन सुमारे दीडपट दिसतं. रिपोर्टवरचा तो आकडा पाहून गोळी कमी करणं धोक्याचं आहे, कारण मोकळा अंश वाढलेला नसतो. उलट, बहुतेक बायकांना या काळात डोस वाढवूनच लागतो.

ऑक्सिटोसिनला असा आधार नाही. त्याला धरून ठेवणारं खास वाहक प्रथिन रक्तात नाही, शिवाय वारेतून येणारं एक एन्झाइम त्याला तोडत असतं. अर्धायुष्य 3 ते 6 मिनिटं. 4 मिनिटं धरली, तर सलाईन बंद केल्यावर 12 मिनिटांत रक्तात आठवा हिस्सा उरतो. कळा अती जोरात आल्या, बाळाचे ठोके घसरले, तर सलाईन थांबवता येतं, ते या गुणामुळेच. मात्र स्नायूत दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. बाळ जन्मण्याआधी कुणीतरी घरी येऊन देतं ते 'कळांचं इंजेक्शन' म्हणूनच जीवघेणं ठरू शकतं. गर्भाशय फाटू शकतं, बाळाचा प्राणवायू तुटू शकतो.

पण किती औषध दिलं, यापेक्षा ऐकणारं किती तयार आहे, हे इथे जास्त महत्त्वाचं. हार्मोनचा निरोप पेशीवरचा रिसेप्टर घेतो. ॲना-रीटा फुक्स आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवलं, की दिवस भरत आले की गर्भाशयाच्या स्नायूवर ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर प्रचंड वाढतात. गरोदर नसलेल्या गर्भाशयाशी तुलना केली तर ही वाढ शंभर पटीहून जास्त भरते. म्हणून पाचव्या महिन्यात ज्या मात्रेला गर्भाशय दाद देत नाही, तीच मात्रा नवव्या महिन्यात जोरदार कळा आणते.

हीच गोष्ट उलटही होते. ऑक्सिटोसिन तासन्‌तास वाहत राहिलं, की पेशी आपले रिसेप्टर आधी निकामी करते, मग आत ओढून घेते, आणि पुढे नवे बनवणंही कमी करते. गर्भाशय बहिरं होऊ लागतं. टोरांटोच्या डॉक्टरांनी याचं मोजमाप केलं. कळा सुरू होण्याआधी ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये दहापैकी नऊ जणींचं गर्भाशय घट्ट करायला सुमारे 0.35 युनिट ऑक्सिटोसिन पुरलं. सलाईन लावूनही प्रसूती अडली आणि मग सिझेरियन झालं, अशा बायकांना त्यासाठी जवळजवळ 3 युनिट लागली. जवळपास नऊपट!

बोरगावच्या त्या बाईची प्रसूती अशीच लांबली, तर खरी परीक्षा बाळ जन्मल्यानंतरची आहे. पोटावर हात ठेवला की गर्भाशय कडक गोळ्यासारखं लागायला हवं. ते पिठासारखं मऊ लागत असेल आणि रक्त थांबत नसेल, तर ऑक्सिटोसिन वाढवत नेऊन फारसं हाती लागत नाही. एकदम मोठी मात्रा रक्तदाब पाडते आणि दीर्घकाळ जास्त मात्रा शरीरात पाणी साठवते.

टिकण्याची अडचण कार्बेटोसिनने सोडवली. ऑक्सिटोसिनसारखाच हा रेणू, पण अर्धायुष्य सुमारे 40 मिनिटं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांतल्या सुमारे 30 हजार बायकांवर केलेली त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले डॉक्टरही होते. योनीमार्गे प्रसूतीनंतर कार्बेटोसिन दिलं तेव्हा रक्तस्राव ऑक्सिटोसिनइतकाच आढळला. शिवाय त्याचा उष्णता सोसणारा प्रकार फ्रिजशिवाय टिकतो. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, आणि आपल्याकडचा मे महिना व वीजकपात पाहता हा फरक लहान नाही.

तरी कार्बेटोसिनही त्याच रिसेप्टरवर काम करतं. रिसेप्टरच कमी उरले असतील तर जास्त टिकणारं औषधही तोकडं पडतं. म्हणून थकलेल्या गर्भाशयासाठी डॉक्टर मिथाइल-अर्गोमेट्रिन, कार्बोप्रोस्ट किंवा मिसोप्रोस्टॉलकडे वळतात. ही औषधं वेगळ्या रिसेप्टरांवर काम करतात, आणि ते रिसेप्टर ऑक्सिटोसिनने थकवलेले नसतात. मिथाइल-अर्गोमेट्रिन देण्याआधी रक्तदाब आणि कार्बोप्रोस्ट देण्याआधी दमा आहे का, हे मात्र विचारावंच लागतं.