‘मॅडम, सगळ्या टेस्ट लिहून द्या’

औरंगपुऱ्यात खोली करून राहणारी बावीस वर्षांची मुलगी. वह्या-पुस्तकांच्या दुकानातून आणलेल्या फुलस्केपवर ती स्त्रीरोगतज्ज्ञांना पत्र लिहिते, कारण समोर बसल्यावर तिला बोलायला सुचत नाही. पहिला मसुदा दोन ओळींचा होता : ‘आदरणीय मॅडम, पाळीत मला खूप जातं आणि खूप दुखतं. कृपया सगळ्या टेस्ट लिहून द्या.’

ही मुलगी कोणी एक नाही. दवाखान्यात अशा मुली जे सांगतात, आणि जे सांगायचं राहून जातं, त्यातून हे पत्र जुळवलं आहे. पण तिची मागणी अगदी खरी आहे, आणि पहिला गैरसमजही तिच्यातच आहे. ‘सगळ्या टेस्ट’ अशी काही गोष्ट नसते. पाळीच्या तक्रारीत कोणती तपासणी करायची हे रुग्णाच्या हकिकतीवरून ठरतं, आणि ‘खूप जातं’ या दोन शब्दांतून डॉक्टरांना फारसं काही ठरवता येत नाही.

म्हणून दुसरा मसुदा. त्यातली पहिली दुरुस्ती ‘खूप’ या शब्दाची.

प्रत्येकीला आपलं प्रमाण नेहमीचंच वाटतं. घरातही ‘आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं’ असं ऐकलेलं असतं, आणि घाण रक्त निघून गेलेलं बरं ही समजूत वर असतेच. पाळीचं रक्त घाण नसतं. शिरांतून वाहतं तेच रक्त, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराबरोबर बाहेर पडतं. एका पाळीत 80 मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त गेलं तर ते जास्त, अशी जुनी व्याख्या आहे. आता डॉक्टर आणखी साधा प्रश्न विचारतात : या रक्तस्रावामुळे कॉलेज, झोप, प्रवास बिघडतो का? तरीही मोजता आलं तर बरंच, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. 1990 साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एक चित्रतक्ता मांडला. पॅडवर थोडासा डाग असेल तर 1 गुण, मध्यम भरलं तर 5, पूर्ण भिजलं तर 20. लहान गाठ 1, मोठी गाठ 5, कपड्यांवर गेलं तर 5. बेरीज 100च्या वर गेली की रक्तस्राव जास्त असण्याची शक्यता बरीच.

मुलीने मागच्या पाळीचा हिशेब कॅलेंडरच्या पाठीवर मांडला. पहिल्या दिवशी दोन मध्यम पॅड, म्हणजे 10. दुसऱ्या दिवशी पाच पूर्ण भिजलेले आणि दोन मोठ्या गाठी : 110. तिसऱ्या दिवशी चार भिजलेले, एक मोठी गाठ, आणि एकदा कॉलेजच्या बाकावर डाग : 90. चौथ्या-पाचव्या दिवशी मिळून सात मध्यम, म्हणजे 35. पुढचे तीन दिवस नुसते डाग, सहा पॅड, 6. एकूण 251. दुसऱ्या दिवसानेच शंभरी ओलांडली होती. या आकड्याचे मिलिलिटर होत नाहीत, आणि जेलचे पातळ पॅड किंवा कापड वापरणारीचा हिशेब थोडा चुकतोच. पण ‘खूप’पेक्षा 251 हा शब्द कितीतरी बोलका.

दुसरा गैरसमज हिमोग्लोबिनचा. तिची मैत्रीण म्हणाली, ‘तुझं बारा आहे ना, मग काही नाही.’ प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन 12च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, ते खरं. पण शरीर आधी लोहाचा साठा मोडतं आणि मग हिमोग्लोबिन उतरतं. घरातलं धान्य संपेपर्यंत ताटातली भाकरी कमी होत नाही, तसं. साठा किती आहे ते फेरिटिन या चाचणीत कळतं. ते 15च्या खाली असेल तर साठा संपलेला, आणि 30च्या खाली असलं तरी बरेच डॉक्टर लोहाची कमतरता धरून उपचार करतात. जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, अभ्यासात लक्ष न लागणं हे सगळं हिमोग्लोबिन 12 असतानाही होऊ शकतं. एक खोच मात्र आहे : ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं, त्यामुळे आजारपणात काढलेल्या चांगल्या आकड्यावर विसंबू नये.

तेव्हा रक्ताच्या यादीत संपूर्ण रक्तगणना आणि फेरिटिन नक्की. थायरॉइडची चाचणी वजन वाढणं, थंडी सहन न होणं, पाळी पुढे-मागे होणं अशी लक्षणं असतील तर. आणि गर्भचाचणी. हिच्यावरून घरी वाद होतात, ‘लग्न न झालेल्या मुलीची ही टेस्ट कशाला?’ म्हणून. त्यात चारित्र्याचा प्रश्न नसतो. गर्भपात होत असतानाचा किंवा गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाचा रक्तस्राव पाळीसारखाच दिसू शकतो आणि तो चुकवणं धोक्याचं असतं, म्हणून डॉक्टर ती शक्यता आधी मिटवतात.

पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ मुलीने जवळजवळ खोडलीच होती. तिला वाटलं, पाळीशी हिचा काय संबंध? ती ओळ अशी : ‘मला तेराव्या वर्षी पहिली पाळी आली तेव्हापासूनच असं आहे. उन्हाळ्यात नाकातून रक्त येतं. अकरावीत दाढ काढली तेव्हा दोन दिवस थुंकीत रक्त येत होतं.’

इथे प्रश्न गर्भाशयाचाच असेल असं नाही, रक्त गोठण्याचाही असू शकतो. 1920च्या दशकात एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांकडे ऑलंड बेटांवरची एक पाच वर्षांची मुलगी आणली गेली. तिच्या घरात अनेकांना रक्तस्रावाचा त्रास होता. 1926 साली त्यांनी या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीच्या रक्तस्रावात गेली. आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं. रक्तस्राव न थांबणं म्हणजे हिमोफिलिया आणि तो मुलांना होतो, एवढंच आपल्याकडे माहीत असतं. फॉन विलेब्रांड आजार मुलींनाही तितकाच होतो, आणि दर महिन्याच्या पाळीमुळे त्यांच्यात तो जास्त जाणवतो.

नेहमीच्या पीटी आणि एपीटीटी चाचण्या या आजारात नॉर्मल येऊ शकतात, आणि तिथेच शोध थांबतो. फॉन विलेब्रांड घटकाचं प्रमाण, त्याचं काम आणि फॅक्टर आठ अशा तीन वेगळ्या चाचण्या लागतात. गल्लीतल्या लॅबमध्ये त्या सहसा होत नाहीत, नमुना मोठ्या लॅबला पाठवावा लागतो. शिवाय ताण, आजारपण, गरोदरपण किंवा हार्मोनच्या गोळ्या यांनी हा घटक तात्पुरता वर जातो. म्हणून हकिकत बोलत असेल तर एका नॉर्मल रिपोर्टवर विषय मिटवत नाहीत, चाचणी पुन्हा करतात.

आता दुखण्याकडे. ‘लग्न झालं की थांबतं’, ‘एक मूल झालं की मोकळं होतं’ हे तिने आजीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांकडून ऐकलं आहे. पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांच्या साध्या कळा वयाबरोबर कमी होतात, त्यावरून ही समजूत आली असावी. पण या मुलीचं दुखणं दोन वर्षांत वाढत गेलं आहे, पाळीच्या दोन दिवस आधी सुरू होतं, आणि पाळीत शौचाला बसताना आत सुरी फिरल्यासारखं होतं. हे वर्णन एंडोमेट्रिओसिसकडे बोट दाखवतं : गर्भाशयाच्या अस्तरासारखं पेशीजाल गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यालगत वाढतं. लग्न हा त्यावरचा उपचार नाही.

सोनोग्राफी करायचीच. फायब्रॉइडची गाठ, अंडाशयावरची चॉकलेट सिस्ट, गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेलं अस्तर हे तीत दिसू शकतं. लैंगिक संबंध न आलेल्या मुलीची तपासणी लघवी तुंबवून पोटावरूनच करतात, योनीमार्गातून करण्याची सक्ती नसते. योनीमार्गातून अधिक स्पष्ट दिसतं, हेही तितकंच खरं. पण ‘सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे दुखणं मनाचं’ हा निष्कर्ष चूक. पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेले एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. पूर्वी दुर्बिणीने पोटात बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञसंघटनेने 2022 मध्ये ती अट सोडली. लक्षणं जुळत असतील तर दुर्बिणीआधी औषधं सुरू करता येतात. कॅन्सरच्या भीतीने लिहून दिली जाणारी सीए-125 ही रक्तचाचणी या निदानासाठी कामाची नाही. आणि पिशवी धुऊन घेणं, म्हणजे क्युरेटिंग, बावीस वर्षांच्या मुलीत पहिली तपासणी म्हणून होत नाही.

पत्राच्या शेवटी एकच प्रश्न होता : ‘आईची पिशवी चौतिसाव्या वर्षी काढली. माझीही काढावी लागेल का?’

मराठवाड्यात हा प्रश्न कोणी उगाच विचारत नाही. 2019 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे साधारण सहात एक. पाळीत तोडणीचा खाडा पडला की दंड, आणि तक्रार घेऊन गेलं की ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ ही भीती. सोनोग्राफीत गर्भाशय थोडं मोठं दिसणं म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि ते एकटं शस्त्रक्रियेचं कारणही नव्हे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी स्वीकारावीत, असा आदेश दिला. बाविसाव्या वर्षी ट्रॅनेक्सामिक ॲसिड, हार्मोनच्या गोळ्या, हार्मोन सोडणारी तांबी असे बरेच उपाय आधी असतात. गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, हाही गैरसमजच. गोळ्या बंद केल्यावर पाळीचं चक्र परत सुरू होतं.

दोन गोष्टी मात्र पत्राच्या उत्तराची वाट बघत बसण्याच्या नाहीत. सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजत असेल, किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रात्र असली तरी थेट घाटीत किंवा जवळच्या रुग्णालयात जायचं.

डॉक्टरांनी पत्र वाचून लिहून दिलं ते एवढंच : गर्भचाचणी, रक्तगणना, फेरिटिन, फॉन विलेब्रांडच्या तीन चाचण्या, पोटावरून सोनोग्राफी. पुढच्या वेळी येताना आईची जुनी फाईल आणायलाही सांगितलं. फाईलमध्ये सोनोग्राफीचा एक रिपोर्ट होता, डिस्चार्ज कार्ड होतं, आणि ऑपरेशननंतर दोन बाटल्या रक्त चढवल्याची नोंद. रक्त नीट गोठतं का, हे पाहणारी एकही चाचणी नव्हती. मुलीचा घटक कमी निघाला तर आईचंही रक्त तपासायचं, असं डॉक्टरांनी पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवलं. आईला पुढच्या महिन्यात दाढ काढायची होती.