पाचशे बायोडाटा आणि पाच प्रश्न : गोदामातली भरती नेमकी कशी होते?



बारावी झाली की आपल्या वर्गातली बरीच मुलं पहिली नोकरी शोधायला निघतात. ठाणे जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या मुलांसाठी ही पहिली नोकरी अनेकदा भिवंडीच्या गोदामात असते. मुंबई-नाशिक महामार्गाला लागून मानकोलीपासून पडघ्यापर्यंत मोठमोठी गोदामं आहेत. ऑनलाइन मागवलेला माल तिथे साठवतात, निवडतात, पॅक करतात आणि गाड्यांत भरून पाठवतात. दसरा-दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढतात, तेव्हा एकेका गोदामात एकदम शेकडो माणसं घेतली जातात.

मुलं बायोडाटा देतात. कुणाला फोन येतो, कुणाला येत नाही. ज्याला येत नाही त्याला कारण कुणी सांगत नाही. मग तो स्वतःच अर्थ लावतो : "माझे मार्क कमी पडले", "वशिला नव्हता", "इंग्रजी येत नाही म्हणून." खरं कारण बहुतेक वेळा यातलं एकही नसतं. ते काय असतं, ते आज पाहू.

बायोडाटा वाचतं कोण?

गोदाम चालवणारी कंपनी सहसा स्वतः माणसं शोधत नाही. ती मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीला सांगते, "१ ऑक्टोबरला १०० माणसं हवीत." एजन्सीच्या ऑफिसात भरतीचं काम करणारी दोन-तीन माणसं असतात. त्यांच्यासमोर एक्सेलची यादी असते, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो असतात आणि हातात जेमतेम आठवडा असतो. पगारपत्रकावर मुलगा एजन्सीचा असतो, काम मात्र कंपनीच्या गोदामात करतो.

आता तुम्हीच सांगा, असा माणूस पाचशे बायोडाटा बसून वाचेल का? तो वाचत नाही, चाळतो. आपण तांदूळ चाळतो तसं. चाळणीला तांदळाची चव कळत नाही, दाणा भोकातून जातो की नाही एवढंच कळतं. काम शिकायला दोन-तीन दिवस पुरतात, त्यामुळे 'सर्वांत हुशार कोण' हा प्रश्नच इथे नसतो. प्रश्न एवढाच असतो : हा माणूस ठरलेल्या दिवशी येईल का, आणि दिवाळीपर्यंत टिकेल का?

चाळणीची पाच भोकं

जागेनुसार थोडा फरक पडतो, पण प्रश्न साधारण हेच असतात.

*१. कामावर येण्याच्या दिवशी वय १८ पूर्ण आहे का?* इथे 'बारावी झाली' हे उत्तर चालत नाही. ज्याला २० ऑक्टोबरला अठरा पूर्ण होणार, तो १ ऑक्टोबरच्या यादीत बसत नाही.

*२. दहावी किंवा बारावी पास आहे का?* टक्के कुणी पाहत नाही. लेबल वाचता येणं, स्कॅनरवरचे आकडे कळणं, एवढ्यासाठीच ही अट असते.

*३. राहतो कुठे?* हा सर्वांत निर्णायक प्रश्न. कंपनीची बस ठरावीक मार्गांनीच जाते. पहाटेच्या शिफ्टला जो पोहोचू शकणार नाही, तो चार दिवसांत काम सोडतो, हा एजन्सीचा अनुभव असतो.

*४. शिफ्ट बदलती चालेल का? रात्रपाळी?* सणाच्या दिवसांत गोदाम रात्रीही चालतं. मुलींच्या रात्रपाळीसाठी त्यांची संमती आणि ने-आणीची सोय लागते, म्हणून त्यांना हे वेगळं विचारलं जातं.

*५. कधीपासून येणार?* 'लगेच' आणि 'परीक्षा झाल्यावर' यांत यादीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डिलिव्हरीच्या कामाला यात सहावा प्रश्न जोडला जातो : दुचाकी आणि पक्कं लायसन्स आहे का? शिकाऊ लायसन्स चालत नाही. शिकाऊ मिळाल्यावर ३० दिवसांनीच पक्क्यासाठी चाचणी देता येते. त्यामुळे सप्टेंबरच्या भरतीसाठी शिकाऊ लायसन्स जुलैतच काढलेलं बरं.

एक भरती आकड्यांत पाहू

समजा, पडघ्याच्या एका गोदामाला १०० माणसं हवी आहेत आणि ५०० बायोडाटा आले आहेत. कंपनीची बस कल्याण आणि शहापूरहून आहे. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.)

वय कमी किंवा जन्मतारीखच नाही, म्हणून ४० गळाले. शिक्षणात ३० गेले. उरले ४३०. बसच्या मार्गावर राहत नाहीत म्हणून १५० गेले, उरले २८०. रात्रपाळीला 'नाही' म्हणणारे किंवा तो रकाना कोरा ठेवणारे ८० गेले, राहिले २००. लगेच येऊ न शकणारे ३० वजा केले की यादी झाली १७० जणांची.

आता या ५०० मधले दोन बायोडाटा पाहू. पहिला मुरबाड तालुक्यातल्या एका मुलाचा. बारावीला ७१ टक्के, एमएस-सीआयटी झालेलं, वर इंग्रजीत सुंदर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', छंदांत वाचन आणि क्रिकेट. पत्ता गावचा. दुसरा बायोडाटा एका मुलीचा, अर्ध्या पानाचा. ४६ टक्के. पण वरच लिहिलंय : "जन्मतारीख अमुक. १८ पूर्ण. राहणार कल्याण पूर्व. तिन्ही शिफ्ट चालतील. लगेच येऊ शकते."

मुलगी यादीत आली. मुलगा तिसऱ्या प्रश्नाला गळाला. आणि गंमत बघा, तो कल्याणला मामाकडे राहून नोकरी करणार होता! घरात हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कागदावर नव्हतं. एक्सेलच्या यादीत गाळणी लावणाऱ्याला 'मुरबाड' दिसलं आणि ओळ गेली. कोरा रकाना म्हणजे 'नाही', आणि कागदावर आहे तेवढंच खरं, हा या भरतीचा नियम आहे. शंका आली म्हणून फोन करून विचारायला कुणाला वेळ नसतो.

चाळणीनंतरची गळती

१७० जण पात्र ठरले. आता यांच्यात पहिला-दुसरा कसा ठरवणार? सगळ्यांची उत्तरं 'हो'च आहेत. म्हणून मग क्रम लागतो तो अर्ज आधी कुणाचा आला आणि फोन कुणी उचलला यावर. अनोळखी नंबर म्हणून फोन न उचलणारे, नंबर बदललेले, वडिलांचा नंबर दिलेला आणि वडील शेतात, असे समजा ५० जण इथे गेले. उरले १२०. त्यातले ९५ प्रत्यक्ष कागदपत्रं घेऊन आले.

आणि इथे शेवटची अडचण येते, जी आपल्या म्हणजे शाळेच्या हातातली आहे. ती म्हणजे नावाची. आपल्या शाळेच्या कागदांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव गाळलेलं. नुसता क्रम बदलला तर बहुधा निभावतं. पण स्पेलिंग वेगळं असेल किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर पीएफचा यूएएन नंबर काढताना अडतं, कारण तो आधारशी जुळवून काढतात. काही जुन्या आधार कार्डांवर तर खरी तारीख नसून १ जानेवारीच पडलेली असते. समजा १५ जण असे अडकले. हातात राहिले ८०, हवे होते १००. एजन्सी पुन्हा नवे अर्ज मागवते, पण आधी गळालेल्यांची यादी सहसा कुणी उघडत नाही. मामाकडे राहणारा आपला मुलगा तसाच राहतो आणि जागाही रिकामी राहते.

चाळणी कुठे चुकते?

यातला प्रत्येक निकष म्हणजे एक अंदाज आहे. 'लांब राहतो म्हणून सोडून जाईल', 'बारावी नाही म्हणून जमणार नाही.' काही ठिकाणी पदवीधरांनाही गाळतात, कारण 'चांगलं मिळालं की हा निघून जाईल.' हे अंदाज समूहाबद्दल थोडेफार खरे असतील, एका माणसाबद्दल ते साफ चुकू शकतात. पण चाळणीला माणूस दिसत नाही. म्हणून फोन न येणं हा मुलाच्या लायकीवरचा शेरा नव्हे, हे त्याला नीट समजावून सांगायला हवं.

गाडी कुठे अडली हे ओळखताही येतं. फोनच आला नाही, तर पाच प्रश्नांपैकी एखाद्याचं उत्तर 'नाही' किंवा कोरं आहे, किंवा अर्ज उशिरा गेला. फोन आला, कागद पाहिले आणि मग शांतता, तर नाव-जन्मतारीख तपासा. आणि कुणी रजिस्ट्रेशन, गणवेश किंवा डिपॉझिट म्हणून आधी पैसे मागितले, तर ती भरती नाही, फसवणूक आहे असं समजून तिथेच थांबा. खरी एजन्सी आपले पैसे कंपनीकडून घेते.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

एका तासिकेत मुलांकडून बायोडाटाच्या वरच्या पाच ओळी लिहून घ्या : जन्मतारीख आणि पूर्ण वय, शिक्षण, नोकरीच्या वेळी राहण्याचं ठिकाण, चालणाऱ्या शिफ्ट, येण्याची तारीख. खाली स्वतःचा चालू मोबाईल नंबर. मग जोडीदाराचा कागद दहा सेकंद पाहून पाचही उत्तरं सांगायची. एखादं सापडलं नाही तर ते नाहीच असं धरायचं. मात्र उत्तरं खरीच हवीत. रात्रपाळी जमणार नसेल तर 'चालेल' लिहून चौथ्या दिवशी घरी बसण्यात कुणाचाच फायदा नाही.

पालकांनी एका संध्याकाळी शाळेचा दाखला, दहावीचं मार्कशीट, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून नाव-जन्मतारीख अक्षरन् अक्षर ताडून पाहावी. आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे घाईत अर्धवट दुरुस्ती करू नका. आधी दाखल्यावरचं नाव पक्कं धरा आणि बाकीचे कागद त्याला जुळवा.

आणि आपण शिक्षकांनी? दहावीच्या परीक्षेआधी बोर्डाकडून प्री-लिस्ट येते, तेव्हा मुलांची सही घेऊन ती पुढे पाठवायची घाई असते. त्या दिवशी प्रत्येकाला आधार कार्ड सोबत आणायला सांगा आणि स्पेलिंग समोरासमोर बसून तपासा. मार्कशीट छापून आल्यावर हीच दुरुस्ती फार किचकट होते.